थायरॉइडची गाठ: उत्तर कडेला शोधा

परीक्षेच्या प्रश्नावर विद्यार्थी विचारतात: «पेशी इतक्या साध्या दिसतात, मग उत्तर फॉलिक्युलर कार्सिनोमा, म्हणजे थायरॉइडचा एक कर्करोग, कसं?»

इथे पेशींच्या रूपावर जाऊच नका. अ‍ॅडिनोमा या कर्करोग नसलेल्या गाठीतही कधी मोठी, गडद केंद्रकं दिसतात आणि कार्सिनोमा अगदी शांत दिसू शकतो. निर्णय कॅप्सूलवर, म्हणजे गाठीभोवतीच्या आवरणावर होतो. गाठीने तिची पूर्ण जाडी भेदली असेल, किंवा कॅप्सूलमधल्या वा बाहेरच्या शिरेत गाठीचा भाग भिंतीला चिकटलेला असेल, तर कार्सिनोमा. शिरेत सुट्या तरंगणाऱ्या पेशी मात्र कापताना ओढल्या गेलेल्या असू शकतात. सुईच्या तपासणीत पेशी येतात, कॅप्सूल दिसत नाही, म्हणूनच तिथे अ‍ॅडिनोमा आणि कार्सिनोमातला फरक कळत नाही. इथे इंदूरला मी मुलांना प्रश्नातलं कॅप्सूलचं वाक्य आधी अधोरेखित करायला लावते. केंद्रकं काचेसारखी फिकट, खाचा असलेली दिली असतील, तर पॅपिलरी या थायरॉइडच्या दुसऱ्या कर्करोगाचा विचार करा.