सोसायटी ग्रुप: पोस्ट शेड्यूल करायला पेड प्लॅन घ्यावा का?

ए-१०२: नमस्कार सगळ्यांना 🙏 जरा विचारायचं होतं, आमच्या मालगुंडच्या होमस्टेचं आणि हापूसच्या पेट्यांचं इन्स्टा फेसबुक मीच बघते, रोज उठून पोस्ट टाकणं आता जमत नाही. शेड्यूल करायच्या टूलचा पेड प्लॅन घेतेय, वर्षाचा एकदम घेतला तर स्वस्त पडतो म्हणे. कोणी वापरलंय का?

सी-४०१: वहिनी, हूटसूटचं नाव ऐकलेलं मी, पूर्वी फ्री होतं.

बी-३०४: काका, त्यांनी २०२३ मध्येच फ्री प्लॅन बंद केला. वहिनी, लगेच पैसे भरू नका. मी चार-पाच हॉटेलवाल्यांची पेजेस सांभाळतो, त्यामुळे हे रोजचंच आहे. आधी सांगा, एकूण किती प्रोफाइल आहेत?

ए-१०२: दोन. होमस्टे आणि आंबा.

बी-३०४: तसं नाही मोजत हो. होमस्टेचं इन्स्टा एक, फेसबुक पेज दुसरं, गुगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल तिसरं. आंब्याचं इन्स्टा आणि पेज आणखी दोन. नाव एकच असलं तरी टूलच्या हिशोबात प्रत्येक खातं वेगळं, म्हणजे तुमचे झाले पाच. बफर नावाच्या टूलच्या फ्रीमध्ये तीन जोडता येतात, आणि पेडमध्ये गेलात की जितकी खाती, म्हणजे त्यांच्या भाषेत चॅनेल, जोडाल तितक्यांचे दर महिन्याला पैसे, एकेका चॅनेलचे पाच-सहा डॉलरच्या घरात. वरून स्वस्त दिसतं, पण पाचाने गुणा मग कळेल.

ए-१०२: बापरे, मग दोन बंद करू का?

बी-३०४: अजिबात नको. दोन्ही फेसबुक पेजेस मेटा बिझनेस सूटमधून शेड्यूल करा, ते मेटाचं स्वतःचं आहे, फुकट आहे. राहिले तीन, दोन इन्स्टा आणि गुगल, ते फ्री प्लॅनमध्ये बसतात. फक्त इन्स्टा खाती प्रोफेशनल आहेत ना बघा, नसतील तर करून घ्या, सेटिंगमध्ये होतं, पर्सनल ठेवलंत तर टूल स्वतःहून पोस्ट करत नाही, वेळ झाली की फोनवर आठवण पाठवतं आणि टाकायचं तुम्हालाच, मग शेड्यूल करून काय मिळालं.

सेक्रेटरी काका: मधेच बोलतो माफ करा, टँकर ५ वाजता येतोय, बी विंगने खालच्या टाकीचा कॉक बंद ठेवावा.

ए-१०२: ओके काका. पण फ्रीमध्ये दहाच पोस्ट ठेवता येतात ना? सीझनमध्ये मी रोज एक टाकते, महिन्याला तीस होतात, म्हणून तर पेड बघत होते.

बी-३०४: इथेच बहुतेक जण गडबडतात. दहा म्हणजे महिन्याला दहा नव्हे, एका चॅनेलच्या रांगेत एका वेळी दहा. एक गेली की एक जागा मोकळी. रोज एक टाकलीत तर रांग दहा दिवस पुरते, दर रविवारी बसून सात भरल्या की झालं, महिन्याच्या तीस आरामात जातात.

ए-१०२: रविवारीच तर पॅकिंगची सगळ्यात जास्त धावपळ असते रे, आणि हे कलमात गेले की रेंज नाही. मला मार्चमध्ये बसून एप्रिल मे दोन्ही महिन्यांचं उरकून टाकायचं होतं.

बी-३०४: वहिनी आंब्याचं तसं करूच नका. मार्चमध्ये लिहिलेली पोस्ट मे मध्ये जाणार, तोवर पेटीचा भाव उतरलेला. एका बागायतदाराच्या पेजवर हेच झालं, पहिल्या तोडणीचा भाव लिहिलेली पोस्ट मे मध्ये आपोआप पडली, आणि लोकांचे उलटेच मेसेज, आम्हाला कमी सांगितलात इथे जास्त कसा. शिवाय अवकाळी पाऊस आला, माल संपला, तरी रांगेतली पोस्ट "बुकिंग सुरू" म्हणत राहते. भाव आणि स्टॉकच्या पोस्टना रांग छोटीच बरी. होमस्टेचं वेगळं, खोलीचे फोटो, पुळ्याला कसं यायचं, जेवणात काय, ते महिनाभर आधी ठेवलं तरी बिघडत नाही, आणि तिथे आठवड्याला तीनच टाकता ना तुम्ही, मग दहा पोस्ट तीन आठवडे जातात.

डी-२०३: मगे पेड घेवचाच नाय असा म्हणतंस? माझ्या भाच्यान सांगल्यान की फ्रीत जुने आकडे दिसनत नाय.

बी-३०४: मामी, हा मुद्दा मात्र खरा. फ्रीमध्ये बऱ्याच टूलांत मागचे तीसेक दिवसच दिसतात, वरच्या प्लॅनमध्ये काही महिने, वर्ष, दोन वर्षं असं वाढत जातं. आणि आंब्याचा धंदा वर्षातून एकदाच, या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशीच करायची, मार्चशी करून उपयोग काय. त्यामुळे तीस दिवस आपल्याला कुचकामीच.

ए-१०२: मग वर्षाची हिस्ट्री असलेला घेतला की गेल्या मे चं दिसेल का?

बी-३०४: बहुतेक नाही, आणि विकणारे हे ठळक सांगत नाहीत. तुम्ही खातं आज जोडणार, टूलची नोंद तिथून सुरू. मागचं किती ओढून आणता येतं ते इन्स्टा किती देतं त्यावर आहे. फेसबुक पेजचं मागचं दोन वर्षांपर्यंतचं मिळू शकतं, पण इन्स्टा खात्याची रोजची आकडेवारी ९० दिवसांच्या मागची मिळत नाही, आणि स्टोरीचे आकडे टूलला २४ तासच मिळतात, त्यात उचलले नाहीत तर गेले. म्हणून टूल विकणाऱ्याला एकच विचारा, "प्लॅन खाली आणला तर जुने आकडे पुसता की नुसते लपवता?" नुसते लपवत असतील तर पुन्हा पैसे भरल्यावर दिसतील, पुसत असतील तर विषय संपला.

ए-१०२: म्हणजे गेल्या वर्षीचं गेलंच समजायचं 😔

बी-३०४: सगळं नाही. इन्स्टा पर्सनलचं प्रोफेशनल कधी केलंत?

ए-१०२: दोन वर्षं झाली.

बी-३०४: मग गेल्या सीझनची एकेक पोस्ट उघडा, खाली इनसाइट्स दाबा, त्या पोस्टची रीच, सेव्ह, शेअर अजून दिसतील. गेलाय तो दिवसागणिक फॉलोअर आणि रीचचा आलेख. हे आकडे एका शीटमध्ये उतरवून घ्या, आणि यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला त्यातच भरत जा. एक रकाना स्वतःचा ठेवा, त्या पोस्टवरून व्हॉट्सॲपवर चौकशी किती आल्या आणि पेट्या किती गेल्या, तो कुठल्याही महागड्या प्लॅनमध्ये नसतो. आणि तारखेला तारीख लावू नका, मोहर मागे पुढे होतो, पहिली पेटी गेली तो आठवडा एक धरा आणि तिथून मोजा.

सी-४०१: हे बरं सांगितलंस, गेल्या साली आमचा माल पंधरा दिवस उशिरा निघालेला.

बी-३०४: अजून एक, इन्स्टाचा पासवर्ड बदललात की टूलचा संबंध तुटतो, रांग तशीच भरलेली दिसते पण जात काही नाही. "रीकनेक्ट" असा मेल येतो, तो बहुधा जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडून राहतो, म्हणून दोन दिवस पोस्ट दिसली नाही तर आधी तिथे बघा.

ए-१०२: बरं झालं जोडण्याआधीच सांगितलंस, मुलाने परवाच पासवर्ड बदललाय. बरं मग फ्रीवरच सुरू करते, आणि शीट?

बी-३०४: होमस्टे आणि आंबा, दोन वेगळ्या टॅब करा. मी रिकामी बनवून पाठवतो संध्याकाळी, टँकर आल्यावर.