मदत हवी आहे: ग्रंथसूचीच्या शोधात निकाल फार कमी आले, तर कोणता शब्द आधी सैल करावा?

सूचीकार

नमस्कार. कोकणातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सूचीचा शोध मी इलॅस्टिकसर्चवर बांधतो आहे. सूचीत सुमारे 38,000 नोंदी असून त्यांतील बऱ्याच जुन्या पुस्तकांच्या आहेत. वाचक शोधपेटीत चार-पाच शब्द लिहितात आणि पुष्कळदा शून्य किंवा एखादाच निकाल येतो, जरी कपाटात त्या विषयाची पुस्तके असली तरी. एक खरा शोध पुढे देतो.

```json
{
  "query": {
    "multi_match": {
      "query": "कोकण किनाऱ्यावरील जलदुर्ग नकाशे",
      "fields": ["title^4", "author^3", "subject^2", "note"],
      "type": "best_fields",
      "operator": "and"
    }
  }
}
```

याला एकही निकाल येत नाही. `operator` बदलून `or` केला, तर ‘कोकण’ हा शब्द असलेल्या शेकडो नोंदी येतात, त्यांत पाककृतींची पुस्तकेही असतात. या दोन टोकांच्या मध्ये निकाल दहाच्या खाली गेले की अटी पायरीपायरीने सैल कराव्यात असा माझा विचार आहे. मात्र शब्द कोणत्या क्रमाने गाळावेत, हे मला ठरवता आलेले नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टक्केवारी

यासाठी वेगळी पायरी बांधण्याची गरज नाही. `operator` ला `or` ठेवून `minimum_should_match` ला `75%` द्या. चारपैकी तीन शब्द जुळले तरी नोंद येईल, आणि चारही जुळलेल्या नोंदींना गुण अधिक मिळत असल्याने त्या बहुधा वर राहतील. आमच्या कार्यालयातील कागदपत्रांच्या शोधात आम्ही एवढेच केले आणि ते चालते आहे.

शोधयंत्री

टक्केवारी यांचा उपाय लांब शोधांना बऱ्यापैकी लागू पडतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे टक्केवारीचा अपूर्णांक खाली उतरवला जातो. दोन शब्दांच्या शोधात 75 टक्के म्हणजे दीड, आणि दीडचा एक होतो. म्हणून ‘जंजिरा नकाशे’ असा नेमका शोधही ‘जंजिरा किंवा नकाशे’ होऊन बसतो. `-25%` लिहिले, तर चतुर्थांश शब्द गाळण्याची मुभा मिळते. दोन शब्दांत ती अर्धी, म्हणजे शून्य होते आणि दोन्ही शब्द आवश्यक राहतात. चार शब्दांना दोन्ही रीतींनी तीनच शब्द लागतात, पण पाच शब्दांना पहिल्या रीतीने तीन आणि दुसरीने चार. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कोणता शब्द गळाला याची ही अट काहीच दखल घेत नाही, त्यामुळे ‘कोकण किनाऱ्यावरील नकाशे’ एवढे जुळलेली आणि जलदुर्गांशी संबंध नसलेली नोंद तिच्या दृष्टीने तितकीच ग्राह्य ठरते.

परंतु सूचीकार, शब्द गाळण्याच्या आधी आपला शोध विनाकारण कडक झाला आहे का, ते पाहावे. `best_fields` मध्ये `and` ही अट प्रत्येक रकान्याला स्वतंत्रपणे लागते. म्हणजे चारही शब्द एकट्या शीर्षकात हवेत, किंवा एकट्या विषयात. ‘कोकण’ शीर्षकात आणि ‘जलदुर्ग’ विषयात असलेली नोंद त्यामुळे आपोआप बाद होते. `type` बदलून `cross_fields` करा, म्हणजे प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या रकान्यात असला की पुरेल. मात्र चारही रकान्यांना एकच विश्लेषक हवा. लेखकाच्या रकान्याला वेगळा विश्लेषक असेल तर रकान्यांचे दोन गट पडतात आणि तीच अडचण गटाच्या पातळीवर परत उभी राहते.

येवलेकर

आमचे साड्यांचे ऑनलाइन दुकान आहे आणि हाच प्रश्न आम्हालाही येतो. कोणी ‘जांभळी पैठणी 8000 च्या आत’ असे शोधले आणि तशी साडी नसली, तर आम्ही आधी किमतीची अट 10,000 पर्यंत वाढवतो, मग जवळचे रंग दाखवतो. ‘पैठणी’ मात्र कधीच सोडत नाही. आपणही किंमत आधी सैल करावी.

सूचीकार

येवलेकर साहेब, आमच्याकडे किमतीचा रकाना नाही, पण प्रकाशनवर्षाची गाळणी आहे आणि ती गाळून टाकण्याऐवजी रुंद करता येईल, हे आपल्या उदाहरणावरून लक्षात आले.

शोधयंत्री, विश्लेषक सर्व रकान्यांना एकच करून `cross_fields` लावले. शून्याचा एक निकाल झाला. लेखकाचे आडनाव आणि पुस्तकाचा विषय एकत्र लिहिणाऱ्या वाचकांचे शोध मात्र लगेच सुधारले.

निवृत्त ग्रंथपाल

मी तंत्रज्ञ नाही, सूचीकरणात वर्षे घालवली आहेत. शब्द गाळण्याची एवढी घाई का, हे मला कळत नाही. जुन्या पुस्तकांवर ‘कोंकण’ असे अनुस्वारासह छापलेले असते आणि आम्ही शीर्षक जसेच्या तसे उतरवून घेत असू. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 चे आहेत. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कोंकण’ अशीच रूपे सापडतील. दुसरे असे की, जलदुर्गांवरील पुस्तकाला विषयशीर्षक पुष्कळदा नुसते ‘किल्ले’ दिलेले असते. वाचकाचा शब्द फेकून देण्यापेक्षा त्याच्या जागी त्याहून व्यापक शब्द घ्यावा, हे अधिक न्याय्य आहे.

शोधयंत्री

बाईंनी क्रमच सांगितला आहे, आणि तो योग्य आहे. शब्द तोच ठेवून त्याचे रूप सैल करणे ही पहिली पायरी, शब्द व्यापक करणे ही दुसरी, आणि शब्द गाळणे ही शेवटची. मागील पायरीने पुरेसे निकाल दिले नाहीत, तरच पुढच्या पायरीवर जावे.

रूपासाठी शीर्षक, लेखक, विषय आणि टीप या प्रत्येकाला एक जुळा रकाना द्यावा व त्यावर `indic_normalization` आणि त्यापुढे `hindi_normalization` या गाळण्या लावाव्यात. दुसरीच्या नावात हिंदी असले, तरी ती ऱ्हस्व-दीर्घ एक करते, ‘ऱ’चा ‘र’ करते, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हे काढते. हे आपल्या उपयोगाचे आहे, कारण ‘किनाऱ्या’मधील ऱ्य काही नोंदींत एका रीतीने आणि काहींत दुसऱ्या रीतीने टंकलेला असतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला नाही. पण याच गाळणीने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात, म्हणजे समुद्र शोधणाऱ्याला सह्याद्रीतील घळी मिळू शकतात. म्हणून मूळ रकाना कायम ठेवावा आणि जुळ्याचा आधार मुळातून पुरेसे न आल्यासच घ्यावा. ‘कोंकण’ आणि ‘कोकण’ मात्र या गाळणीने एक होत नाहीत. त्यासाठी समानार्थी शब्दांची यादीच हवी. अनुस्वार सरसकट काढला तर ‘संत’ आणि ‘सत’ एक होतील.

प्रत्ययांसाठी हिंदीची `stemmer` गाळणी लावू नये. ‘वरील, मधील, तील, साठी, च्या, ची’ असे मोजके प्रत्यय स्वतः काढावेत, सामान्यरूपाचा शेवटही सोडवावा, आणि ज्यांना हात लावायचा नाही अशा शब्दांची यादी ठेवावी. ती नसेल तर ‘कराची’ शहराचे ‘करा’ होईल.

सूचीकार

आपण सांगितल्याप्रमाणे जुळे रकाने, समानार्थी यादी आणि प्रत्यय हे तिन्ही केले. चारही शब्द जुळणाऱ्या नोंदी आता चार आहेत. गाळण्याच्या पायरीसाठी `_msearch` ने एकाच विनंतीत, `"size": 0` ठेवून, एकेक शब्द वगळून किती नोंदी उरतात ते मोजले. ‘कोकण’ वगळला तर 6, ‘किनारा’ वगळला तर 9, ‘नकाशे’ वगळला तर 11 आणि ‘जलदुर्ग’ वगळला तर 37. सर्वाधिक निकाल देणारा शब्द गाळायचा असा नियम केला, तर ‘जलदुर्ग’ जाईल, आणि त्या 37 नोंदींत बहुतेक बंदरे आणि मासेमारीची आहेत. सूचीभर पाहता ‘कोकण’ सर्वांत जास्त नोंदींत आहे, त्यानंतर ‘किनारा’, मग ‘नकाशे’, आणि ‘जलदुर्ग’ सर्वांत कमी.

शोधयंत्री

ही मोजणी फार उपयोगी आहे. निकाल सर्वांत जास्त वाढवणारा शब्द बहुधा सर्वांत दुर्मीळ असतो, आणि वाचकाला काय हवे आहे ते सहसा तोच सांगतो. म्हणून तो नियम उलट्या दिशेला नेतो. गाळताना सूचीत सर्वांत सर्रास आढळणाऱ्या शब्दापासून सुरुवात करावी. एक अपवाद लक्षात ठेवावा: जो शब्द एकाही नोंदीत नाही, तो दुर्मीळ म्हणून जपला, तर कितीही इतर शब्द गाळले तरी शून्यच राहील. तो बहुधा चुकीचा टंकलेला असतो. आधी त्याची दुरुस्ती सुचवावी, आणि दुरुस्ती सापडली नाही तरच तो बाजूला ठेवावा.

या नियमाने ‘कोकण’ पहिला जाईल, पण ते स्थळनाम आहे आणि ते गेले तर निकालात दुसऱ्याच किनाऱ्यांवरील किल्ले येऊ शकतात. व्यक्ती, स्थळ आणि वर्ष यांना संरक्षण द्यावे. मग पाळी ‘किनारा’ची येते. जलदुर्गात समुद्र आलेलाच आहे, त्यामुळे येथे अर्थही फारसा कमी होत नाही, आणि चाराच्या नऊ नोंदी होतात. एकापेक्षा अधिक शब्द गाळायचे झाल्यास निम्म्याहून जास्त कधीही गाळू नयेत.

दहाच्या उंबरठ्याविषयीही विचार करावा. वाचकाने पुस्तकाचे पूर्ण नाव लिहिले असेल, तर एकच निकाल हेच योग्य उत्तर आहे. शब्द शीर्षकाशी पूर्ण जुळत असतील तर सैल करू नये.

निवृत्त ग्रंथपाल

‘नकाशे’ हा शब्द कमी नोंदींत आहे म्हणून तो जपला जातो, हे मला पटत नाही. आमच्या अनेक पुस्तकांत नकाशे आहेत, पण सूचीत त्याची नोंद केलेली नाही. शब्द नसणे म्हणजे नकाशा नसणे नव्हे. ‘जलदुर्ग’ आणि ‘कोकण’ जुळले असतील, तर मी कपाटाशी असताना ती पुस्तके वाचकाला दाखवली असती.

टक्केवारी

बाईंचे म्हणणे खरे असले, तरी ज्याला नकाशाच हवा आहे त्याला नकाशाविना पुस्तके देऊन काय उपयोग?

शोधयंत्री

हे नुसत्या संख्येवरून सुटणार नाही. नोंदींत ज्याची माहिती अर्धवट आहे, असे शब्द, म्हणजे ‘नकाशे’, ‘चित्रे’, ‘सचित्र’, यांची वेगळी यादी करून ते आवश्यक न ठेवता केवळ क्रम वर आणण्यासाठी, `should` मध्ये, ठेवून पाहावेत. ते नेमके कोणते असावेत, हे बाईंसारख्या जाणकाराने नोंदी चाळूनच ठरवावे लागेल.

सूचीकार

तशी यादी बाईंबरोबर बसून करतो. तोवर सैल केलेले निकाल मूळ चार नोंदींच्या खाली, वेगळ्या मथळ्याखाली, ‘किनारा हा शब्द वगळून’ अशा स्पष्ट उल्लेखासह दाखवतो आहे. यात एक प्रश्न उरला आहे: वाचकाने प्रकाशनवर्षानुसार क्रम लावला की दोन्ही गट एकमेकांत मिसळतात आणि सैल नोंदी सर्वांत वर येतात.

शोधयंत्री

मिसळू देऊ नयेत. कितव्या पायरीवर थांबलो ते पहिल्या पानालाच ठरवून पुढच्या पानांच्या विनंतीत सोबत पाठवावे, आणि वर्षानुसार लावलेला क्रम प्रत्येक गटाच्या आत ठेवावा. वाचकाने क्रम बदलला, तर सैल गट मिटवून त्याच्या जागी ‘आणखी 5 नोंदी’ असा दुवा ठेवणे मी पसंत करतो.