सभेतून मधेच गेलेला संचालक : इतिवृत्तात वेळ लिहायची की नुसतं 'हजर'?

कृष्णाकाठचा सचिव
सांगली जिल्ह्यातली आमची पतसंस्था, ११ संचालक. मासिक सभेला काही जण ऑफिसात येतात, काही झूमवर. रेकॉर्डिंगचं ट्रान्स्क्रिप्ट काढून मी इतिवृत्त लिहितो. मागच्या सभेत विट्याचे एक संचालक मधेच बाहेर पडले आणि नंतर परत आले. कर्जाच्या ठरावाच्या वेळी ते होते की नव्हते यावरून वाद पेटलाय. ट्रान्स्क्रिप्टमध्ये ते ठरावाच्या आधीही बोललेत, नंतरही. अध्यक्ष म्हणतात, "हजर लिही आणि विषय मिटव." मी काय लिहावं?

मिरजेचे तात्या
अध्यक्ष बरोबर सांगताहेत. सभेला आला तो हजर. तीस वर्षं संस्थेत काढली, कुणी चहाला उठला म्हणून इतिवृत्तात नोंद केलेली पाहिली नाही. संचालक मंडळाच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे. एकदा वेळा लिहायला लागलात की अवघड कर्ज आलं रे आलं, प्रत्येकाची रेंज जाणार. पळवाट तुम्हीच करून देताय.

लेखापरीक्षण करणारी
तात्या, जबाबदारीचं खरं आहे. पण सहकार कायद्याच्या ज्या कलम ७३ मध्ये सामूहिक जबाबदारी आहे, तिथंच सूटही आहे. ज्याने विरोध नोंदवला तो त्या ठरावाला जबाबदार नाही. सभेला जो नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचं इतिवृत्त कायम केलं नाही, तोही नाही. उद्या कर्ज बुडालं आणि कलम ८८ खाली नुकसान वसूल करायची वेळ आली, तर चौकशी अधिकारी आधी प्रोसिडिंग बुकच मागतो. तिथं नुसतं 'हजर' असेल तर विट्याच्या दादांनी काय दाखवायचं? सचिवसाहेब, घड्याळातल्या वेळा द्या. झूमच्या रिपोर्टमध्ये `Join Time` आणि `Leave Time` काय दिसतं?

तासगावचा
म्हणजे ठरावाला नव्हते, तर सुटले. एवढा काथ्याकूट कशाला?

लेखापरीक्षण करणारी
नाही, तासगावकर, अर्धंच झालं. पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. तिथं दादा बसले आणि काही न बोलता ते कायम झालं, तर नव्हतो म्हणून मिळणारी सूट गेली. इतिवृत्त भराभर वाचून होतं आणि सगळे मान डोलावतात. बहुतेक जण अडकतात ते तिथंच.

कृष्णाकाठचा सचिव
वेळा घ्या. सभा ४:०० ला सुरू. दादा ४:०७ ला आले, ४:३६ ला गेले, ४:४९ ला परत आले. ट्रान्स्क्रिप्टमध्ये कर्जाचा विषय इथं सुरू होतो आणि मंजुरी ००:३५:४० ला संपते:

```
00:33:10.000 --> 00:33:16.000
सभागृह: विषय क्रमांक पाच, कर्ज मागणी अर्ज
```

४:०० मध्ये ३३ मिनिटं मिळवली तर ४:३३. तेव्हा ते होते. अध्यक्षांचा मुद्दा हाच आहे.

लेखापरीक्षण करणारी
रेकॉर्डिंगचं बटण किती वाजता दाबलं?

कृष्णाकाठचा सचिव
गणपूर्ती होईपर्यंत थांबलो होतो. फाइलवर ४:०७ दिसतंय.

लेखापरीक्षण करणारी
मग हिशेब ४:०७ पासून करा. ट्रान्स्क्रिप्टची वेळ रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून मोजलेली असते, सभा सुरू झाल्यापासून नाही. विषय ४:४० ला आला आणि ४:४३ च्या आत मंजूर झाला. दादा ४:३६ लाच गेलेले. सात मिनिटांच्या चुकीनं एक माणूस कर्जाला जबाबदार ठरत होता. मधे रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं असेल तर त्यापुढचा फरक आणखी वाढतो, तेही तपासा.

दुसरं, रिपोर्ट उघडताना `Show unique users` वर टिक नको. ती असली की एका माणसाची एकच ओळ होते आणि मधली तेरा मिनिटं दिसतच नाहीत. टिक काढली की त्यांच्या दोन ओळी दिसतील. त्या छापून, सही करून सभेच्या फाइलला लावा.

कराडची शिक्षिका
आमच्या ऑनलाइन तासाला अर्ध्याहून जास्त वेळ थांबला तर हजेरी लावायचो. तसा नियम इथं करता येईल का?

लेखापरीक्षण करणारी
ताई, तासाला ते चालतं. इथं दोन तासांपैकी पावणेदोन तास बसलेला माणूस नेमका त्या तीन मिनिटांना नव्हता, एवढाच प्रश्न आहे.

उपसा सिंचनवाला
आमच्या पाणीपुरवठा संस्थेत याच्या उलट झालं. दोघं संचालक एका गाडीत, एकाच फोनवर. ट्रान्स्क्रिप्टला फोनवाल्याचंच नाव, दुसरा बोललेलंही त्याच्याच नावावर. दुसऱ्याचा पाणीपट्टी वाढीला विरोध होता, तो कागदावर भलत्याच्या तोंडी गेला. आणि ऑफिसात बसलेल्यांचं काय? सगळ्यांचं मिळून एक 'सभागृह'. त्यातला कोण साडेचारला उठून मळ्यावर गेला हे रिपोर्ट सांगत नाही, ट्रान्स्क्रिप्टही नाही. हजेरी पुस्तकात येतानाची सही असते, जातानाची कुणी करतं का?

मिरजेचे तात्या
हेच म्हणतोय मी! विट्याच्या माणसाची मिनिटं मोजणार आणि खुर्चीतला माणूस उठून गेला तर त्याला पूर्ण हजर धरणार. हा कुठला न्याय?

लेखापरीक्षण करणारी
तात्या, तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून आल्या-गेल्याची नोंद दोघांची हवी, आणि ती सभा चालू असतानाच. अध्यक्षांनी मोठ्यानं म्हणायचं, "अमुक संचालक विषय चारनंतर सभेतून गेले, वेळ ४:३६." मग ते आपोआप ट्रान्स्क्रिप्टमध्ये येतं आणि सचिवाला नंतर कुणाशी भांडावं लागत नाही. इतिवृत्तात विषयाखाली एक ओळ: 'विषय क्र. ५ च्या वेळी श्री. ... उपस्थित नव्हते (४:३६ ते ४:४९).' 'सर्वानुमते' न लिहिता 'उपस्थित संचालकांनी एकमताने' लिहा. ते का गेले, रेंज गेली की मुद्दाम गेले, यातलं काही लिहू नका. ते तुम्हाला माहीत नाही.

राहिली पळवाट. जो मुद्दाम निघून जाईल, त्याचं नाव दर वेळी अवघड विषयाखालीच दिसेल. त्याची वही आपोआप तयार होते. आणि विरोध असलेल्यानं उठून जाऊ नये, बसून विरोध लिहून घ्यावा. हवं तर सात दिवसांत निबंधकांना लेखी कळवण्याची सोय आहे.

तासगावचा
सचिवसाहेब, एक विचारू? ४:४० ला एकूण किती जण होते?

कृष्णाकाठचा सचिव
ऑफिसात पाच. झूमवर दादाच होते, दुसरे ४:५५ ला आले. आमच्या उपविधीत गणपूर्ती सहाची.

तासगावचा
मग दादांना काढलं की पाचच उरतात. गणपूर्ती मोडली, ठरावच उभा राहत नाही. अध्यक्ष 'हजर लिही' का म्हणताहेत ते आता कळलं.

लेखापरीक्षण करणारी
बरोबर पकडलंत. सचिवसाहेब, कर्ज वाटलं का?

कृष्णाकाठचा सचिव
नाही अजून. सोमवारी वाटायचं ठरलं होतं.

लेखापरीक्षण करणारी
मग थांबवा. झालं तसं इतिवृत्त लिहा आणि विषय पुढच्या सभेत नव्यानं घ्या. वाटप झाल्यावर हे निघालं असतं तर ते पाच जण आणि तुम्ही, सगळेच उत्तरं देत बसला असता.

मिरजेचे तात्या
आणि कर्जदाराचं काय? ऊसलागणीला पैसे मागितलेत त्यानं. एका माणसाची रेंज गेली म्हणून त्यानं महिनाभर ताटकळायचं?

कृष्णाकाठचा सचिव
महिनाभर नाही, तात्या. तातडीच्या सभेची नोटीस आजच काढतो. विट्याच्या दादांना फोन केला, ते म्हणाले, "या वेळी एसटीनं येतो, पण मागचं इतिवृत्त कायम करताना माझी ती ओळ वाचून दाखवा." अध्यक्षांना अजून सांगायचंय.