सल्ला हवा : जुना फ्रीज बदलला तर वीजबिल खरंच किती उतरेल?

अंगणवेल (जून २०२४)

नाशिक, दोन बेडरूमचा फ्लॅट, आम्ही तिघं. मे महिन्याचं बिल ३४२ युनिटचं आलं. इंधन समायोजन आकार सोडला तर ४,२५७ रुपये. एक एसी आहे, रात्री चार-पाच तास चालतो. थंडीत हेच बिल २०५-२१० युनिटवर असतं.

फ्रीज २०११ चा आहे. दुकानदार म्हणतो, नवा फाइव्ह स्टार घ्या, महिन्याला सहाशे रुपये वाचतील. फ्रीज २६ हजारांचा. मी ४,२५७ ला ३४२ ने भागलं, युनिट साडेबाराला पडलं. म्हणजे सहाशे वाचायला ४८ युनिट वाचायला हवेत. एवढे वाचतात का? की आधी घरातलं दुसरं काही बदलू?

सुन्या_दिल्लीवाला

ताई, तुम्ही ३०० ओलांडलेत, तिथेच मार बसला. ३०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो. कसंही करून २९९ वर थांबा, बिल धाडकन खाली येईल.

फेजन्यूट्रल

सुन्याभाऊ, हे दिल्लीचं गणित. तिथे ४०० च्या पुढे गेलं की सवलतच जाते, म्हणून एका युनिटने उडी बसते. महाराष्ट्रात घरगुती बिलात पायऱ्या आहेत. पहिली १०० युनिटं पहिल्या दरानेच मोजतात, तुम्ही ९०० जाळलीत तरी.

अंगणवेल, आधी बिल नीट वाचू. चालू रीडिंग, मागील रीडिंग, दोन्हींच्या तारखा आणि मीटरची स्थिती बघा. स्थिती नॉर्मल नसेल तर युनिट सरासरीने टाकलेली असू शकतात, मग पुढचं सगळं गणित वाऱ्यावर. मीटरवरचा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडा पुढे गेलेला दिसला की झालं.

आता पैसे. २०२४-२५ च्या दराने वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० ला ५.८८, पुढच्या २०० ला ११.४६ आणि ३०० च्या पुढे ५०० पर्यंत १५.७२. तुमची ३४२ युनिटं म्हणजे ५८८ अधिक २,२९२ अधिक ६६०. त्यात स्थिर आकार १३०. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बेरीज ४,२५७ येते, तुमचा आकडा जुळला.

पण साडेबाराचा भाव बचतीला लावू नका. वाचलेलं युनिट बिलाच्या वरच्या टोकावरून कमी होतं, सरासरीतून नाही. मे महिन्यात तुमची पहिली ४२ युनिटं वाचली तर शुल्कासह प्रत्येकी १८.२४ रुपये वाचतील. थंडीत २१० वर असताना तेच युनिट १३.२९ चं. आणि ज्याचं बिल ९० युनिटचं आहे त्याने हाच फ्रीज घेतला तर त्याला युनिटमागे ७ रुपयेसुद्धा वाचत नाहीत. दुकानदार सगळ्यांना एकच आकडा सांगतो.

फ्रीज किती खातो ते अंदाजाने ठरवू नका. युनिट मोजणारा स्मार्ट प्लग कुणाकडून तरी मागून आणा आणि ४८ तास लावून ठेवा. एक दिवस पुरत नाही, कारण डीफ्रॉस्ट कधी होईल आणि दार किती वेळा उघडेल ते रोज बदलतं.

बोरिवली_स्लो

छतावर सोलर बसवा, विषय संपला. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. माझ्या भावाचं गावाकडचं बिल शून्य.

अंगणवेल

आमचा फ्लॅट सात मजल्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे हो. छत सोसायटीचं, तिथे वाळवण घालायलाही परवानगी लागते.

प्लग भाचीकडे मिळाला. लावते.

काकडआरती

गीझर कोणता आहे? माझ्याकडे थ्री स्टार होता, फाइव्ह स्टार आणला. बिल तसंच. फसवतात सगळे.

फेजन्यूट्रल

फसवत नाहीत, पण तारे कशाचे ते कुणी सांगत नाही. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं, गीझरला तारे कितीही असोत. तारे आहेत ते टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता बाहेर जाते त्याचे. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात फरक दिसतो. तुम्ही अंघोळीआधी दहा मिनिटं लावून बंद करत असाल तर तारे बदलून काय वाचणार?

अंगणवेल (तीन दिवसांनी)

४८ तासांत फ्रीजने २.६ युनिट घेतली. म्हणजे दिवसाला १.३, महिन्याला ३९. दुकानदाराच्या हिशेबाला तर थंडीतल्या दराने ४५ वाचायला हवी होती! अख्खा फ्रीज बंद केला तरी तेवढी वाचत नाहीत.

नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला १९० युनिट लिहिलंय.

फेजन्यूट्रल

लेबलचे महिन्याला १६ होतात. तो आकडा ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात मेमध्ये गॅस पेटलेला असताना आणि कुणीतरी दार उघडून उभं असताना २० धरा. म्हणजे बचत १९-२० युनिट. उन्हाळ्यात साडेतीनशे रुपये, एरवी अडीचशेच्या आसपास. वर्षाला ३,४०० च्या आगेमागे. २६ हजार वसूल व्हायला साडेसात वर्षं. फ्रीज बंद पडेल तेव्हा घ्या.

आता घरात कुणी काही वापरत नसताना किती वीज जाते ते बघू. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी लिहिलेलं असेल. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि १,१२५ ला त्याने भागा, वॅट मिळतील. मीटरवर १६०० असेल तर २,२५० ला भागा. एकदाच मोजून थांबू नका, दहा लुकलुकी मोजून सरासरी काढा. एसी बंद, फ्रीजचा प्लग काढलेला, दिवे-पंखे बंद, बाकी घर रोजसारखं.

अंगणवेल (त्याच रात्री)

मीटर खाली जिन्याजवळ आहेत. रात्री अकराला मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन डासांत उभी, वर लेक फोनवर. `3200` च आहे. दहा लुकलुकींना ११० सेकंद. म्हणजे १०२ वॅट! घरात सगळं बंद असताना! वॉचमन दोनदा विचारून गेले, काय झालं म्हणून.

मग लेकाला इन्व्हर्टरचा प्लग काढायला सांगितला आणि दिवा जवळजवळ थांबलाच. म्हणजे पूर्ण १०० वॅट इन्व्हर्टर खातो?

फेजन्यूट्रल

थांबा, इथे चकवा आहे. राउटर, सेट टॉप बॉक्स ज्या बोर्डांवर आहेत ते इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील. प्लग काढला की तेही मीटरवरून उतरून बॅटरीवर गेले. त्यांचा भार तुम्ही इन्व्हर्टरच्या नावावर टाकलात.

आधी राउटर, सेट टॉप बॉक्स, टीव्ही, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांचे प्लग काढा. मग मोजा. मग इन्व्हर्टरचा प्लग काढून मोजा. इन्व्हर्टरचं पुढचं बटण नुसतं बंद करून चालणार नाही, चार्जिंग तरीही चालू राहतं. आणि त्याआधी एक दिवस तरी वीज गेलेली नसावी, नाहीतर बॅटरी भरत असताना आकडा फुगलेला येतो.

सुन्या_दिल्लीवाला

स्लॅबचं चुकलं माझं, मान्य. पण राउटरसारख्या चिल्लर गोष्टींनी काय होतं?

अंगणवेल (दोन दिवसांनी)

सगळे प्लग काढल्यावर १८ सेकंदांना एक, म्हणजे ६२ वॅट. इन्व्हर्टर काढल्यावर तीन मिनिटं उभी राहिले, दिवा लागला नाही. तर इन्व्हर्टर ६२ आणि चिल्लर ४०. सुन्याभाऊ, तुमची चिल्लर २४ तास चालते, महिन्याला २९ युनिटं.

बॅटरी सात वर्षांची आहे. हात लावला तर कोमट लागते. डिस्टिल्ड वॉटर पूर्वी पाच-सहा महिन्यांनी घालायचे, हल्ली महिन्याला मागते.

फेजन्यूट्रल

कोमट आहे आणि सारखं पाणी मागते, म्हणजे बॅटरी भरून घेत नाही. चार्जर ओततोय आणि वीज उष्णतेत चाललीय. ६२ वॅट म्हणजे महिन्याला ४५ युनिट, तुमच्या फ्रीजपेक्षा जास्त. चांगल्या बॅटरीवर हाच इन्व्हर्टर १५-२० वॅटवर बसायला हवा. म्हणजे ३०-३४ युनिट वाचतील. उन्हाळ्याचे चार महिने ५८० च्या आसपास, बाकी आठ महिने सव्वाचारशे. वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. १५ हजारांची बॅटरी तीन वर्षांत वसूल, आणि ती तशीही बदलायला आलीच होती.

काकडआरती

त्यापेक्षा बीएलडीसी पंखे घ्या. ७५ वॅटचा पंखा ३० वर येतो. मी तीन लावले.

फेजन्यूट्रल

पूर्ण वेगाने १४ तास फिरणाऱ्या पंख्याला हे खरं आहे, महिन्याला १९ युनिट वाचतात. पण जुना पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने तीनवर चालवत असाल तर तो ७५ खातच नाही, बचतही तेवढी नाही. सर्वांत जास्त फिरणारा एक बदला आणि बघा.

अंगणवेल

हॉलमधला बदलेन, तो सासूबाईंसाठी दिवसभर पाचवर असतो.

इन्व्हर्टरवाल्याला आज बोलावलं होतं. तो म्हणतो बॅटरी ठीक आहे, चार्जिंगचं कार्ड गेलंय, अडीच हजार. आता कुणाचं खरं मानू? आणि यजमानांचं तिसरंच. आमच्याकडे महिन्यातून दोनदा वीज जाते, तीही अर्धा तास, तर इन्व्हर्टर काढूनच टाकू म्हणतात.

फेजन्यूट्रल

कार्ड बिघडून व्होल्टेज जास्त देत असेल तरी बॅटरी अशीच तापते आणि पाणी पिते, त्यामुळे तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पूर्ण भरलेली असताना बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज त्याला तुमच्यासमोर मोजायला सांगा. १३.५-१३.८ च्या आसपास थांबलं तर कार्ड ठीक, दोष बॅटरीचा. कितीतरी तास १४.५ च्या वरच राहिलं तर त्याचं खरं. पण सात वर्षं असं शिजल्यावर बॅटरीही आतून गेलेली असू शकते, मग दोन्ही खर्च.

काढून टाकायचा की नाही, ते सासूबाईंना विचारा. अर्धा तास पंखा बंद त्यांनाच सोसायचा आहे.

अंगणवेल

विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तो फ्रीज घेणार होतीस त्याचं काय झालं?