नोंदवलेला प्रोटोकॉल मध्येच बदलला तर?

> आमच्या पद्धतशीर आढाव्यासाठी प्रॉस्पेरो या नोंदणी-संकेतस्थळावर सहा महिन्यांची एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची चाचणी, मुख्य निष्कर्ष म्हणून नोंदवली होती, पण बहुतेक अभ्यासांत तीन महिन्यांचीच मिळते. नोंद बदलून गप्प बसलं तर चालेल?

गप्प बसता येणारच नाही. तिथे जुन्या आवृत्त्या तारखांसह तशाच दिसतात.

सांगलीत आमच्या गटावर हीच वेळ आली होती, तेव्हा सरांनी पहिला प्रश्न विचारला, "आकडे बघण्याआधी ठरवलंत की नंतर?" सगळी मेख इथेच आहे. आधी ठरवलं असेल तर कारण पटतं. नंतर ठरवलं असेल, तर सोयीचा आकडा निवडल्याची शंका येणारच, म्हणून तेही लिहायचं.

आम्ही नोंदीत दुरुस्ती करून कारण दिलं. शिवाय लेखाच्या पद्धती विभागात लिहिलं: 'मुख्य निष्कर्षाचा काळ सहाऐवजी तीन महिने केला, माहिती काढून झाल्यावर, पण एकत्रित विश्लेषणाआधी, कारण सहा महिन्यांचे आकडे दोनच अभ्यासांत होते.' आढावा कसा लिहावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० या यादीतला २४सी मुद्दा हेच मागतो. त्या दोन अभ्यासांचा निकालही वेगळा दिला. तो गाळला असता तर मूळ योजनेने काय निघालं असतं, हे वाचणाऱ्याला कळलंच नसतं.

मार्गदर्शक "कशाला स्वतःहून सांगायचं?" म्हणतील. आमचेही एक म्हणाले होते. परीक्षकाने नोंद उघडून ताडून पाहिली, तर सरांचा तो पहिला प्रश्नच तुम्हाला येईल.