मदत हवी आहे: ओट्स रात्रभर भिजवून फायटेट खरंच कमी होतं का?

सांजवात
रक्ततपासणीत फेरिटिन कमी आलंय. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत. मी मांसाहार करत नाही आणि सकाळी बहुतेक वेळा ओट्स खाते. त्यातलं फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं असं वाचलं, म्हणून चपटे ओट्स रात्री पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी तसेच खाते. याचा उपयोग होतो की नुसतं मनाचं समाधान?

गवतफुला
पाणी फेकून देता ना? फायटेट पाण्यात उतरतं, ते ओतून दिलं की काम झालं. मी सगळी कडधान्यं अशीच भिजवते.

रिकामटेकडा
मला हरभरा खाल्ला की पोट फुगतं. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घालतो, दाणा छान मऊ होतो. त्यानं हेही साधेल ना?

दाणेदार
रिकामटेकडा, पोट फुगतं ते मुख्यतः न पचणाऱ्या शर्करांमुळे, फायटेटचा त्यात फारसा हात नाही. या कामात सोडा उलट आडवा येतो, कारण फायटेट तोडणाऱ्या फायटेजला आंबटसर पाणी मानवतं.

गवतफुला, कडधान्यांत तुमचं अर्धं बरोबर आहे. थोडं फायटेट पाण्यात उतरतं, पण बाकीचं दाण्यातच राहतं आणि ते तिथेच तुटावं लागतं. मोड आणताना दाण्यात फायटेज वाढतं, म्हणून नुसत्या भिजवण्यापेक्षा मोड आलेले बरे. पण तेही शिजवूनच खा, कच्च्या मोडांत जंतू फार पटकन वाढतात.

आता ओट्स. मुळातच त्यात फायटेज कमी असतं. शिवाय चपटे करण्याआधी दाणा वाफवतात, तेव्हा उरलंसुरलंही मरतं. त्यात फ्रीजची थंडी! तोडणारं कुणी नाही आणि असतं तरी गारठून बसलं असतं. त्यामुळे आत्ताच्या पद्धतीनं जवळपास काहीच होत नाही.

फायटेज बाहेरून आणायचं. राय किंवा गव्हाच्या, कोंड्यासकट ताज्या दळलेल्या पिठात ते भरपूर असतं. १०० ग्रॅम ओट्सला १० ग्रॅम पीठ, बुडेल एवढं कोमट पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस घालून फ्रीजबाहेर ८ ते १० तास ठेवा. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम हवं, उकळतं ओतलंत तर फायटेज तिथेच संपेल. सकाळी त्याच पाण्यात नीट शिजवा, कारण पीठ कच्चं आहे. हलका आंबट वास चालेल. तार सुटली, बुरशी दिसली किंवा वास कुजका आला तर टाकून द्या.

गवतफुला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा जास्त वेळ उकळलं तर?

दाणेदार
नाही. फायटेट उष्णतेला दाद देत नाही, फायटेज देतं. म्हणून आधी भिजवणं, मग शिजवणं.

सांजवात
मग असं केल्यावर लोह किती जास्त मिळेल?

दाणेदार
इथेच बहुतेकांची फसगत होते. १०० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १ ग्रॅम फायटेट आणि साडेचार मिलिग्रॅम लोह धरा. रेणूंच्या हिशेबात लोहाच्या एका अणूमागे फायटेटचे जवळपास १९ रेणू. लोहासाठी हे प्रमाण १ च्या खाली यायला हवं. निम्मं फायटेट गेलं तरी ९ उरतात, म्हणजे फरक नाममात्र.

जस्ताचं गणित वेगळं आहे. जस्त ४ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असतं, म्हणजे प्रमाण सुमारे २५. १५ च्या वर ते फार वाईट मानतात. निम्मं केलं की साडेबाराच्या आसपास येतं. म्हणजे तीच मेहनत जस्ताला फळते आणि लोहाला फारशी नाही.

लोहासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व घ्या. वरच्या वाटीला साधारण ५० मिलिग्रॅम लागेल, एखादं संत्रं खाल्लं की झालं. जस्ताला मात्र त्याचा उपयोग नाही. आणि सोबत चहा-कॉफी नको, त्यातले पदार्थ वेगळ्या वाटेनं लोह अडवतात.

सांजवात
चहाबद्दल ठाऊक नव्हतं, तो रोज सोबतच घेते! पण घरात एकाला ग्लूटेन अजिबात चालत नाही, म्हणजे गहू आणि राय दोन्ही बाद. शिवाय किती कमी झालं ते घरी कसं कळणार?

दाणेदार
घरी कळत नाही. आंबटपणा वाढला म्हणजे फायटेट तुटलं असंही नाही. ग्लूटेन नको असेल तर कुट्टूचं ताजं पीठ वापरून बघा, त्यातही फायटेज बरं असतं. ओट्सच्या पुड्यावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिलंय का तेही पाहा, नाहीतर त्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असू शकतात.

गवतफुला
कुट्टू विकतचं पीठ घेतलं तर? ते किती जुनं असेल कोण जाणे. कुणी करून पाहिलंय का?