मदत हवी आहे: पाच महिन्यांचं व्याज २०,००० की २०,१३३?

हापूसवाली
नमस्कार मंडळी. देवगडला आमची कलमं आहेत. यंदा फवारणी, राखण आणि खोक्यांच्या खर्चासाठी इथल्या एका पतसंस्थेतून ४ लाख घेतले होते, १२ टक्के सरळ व्याजाने. १० जानेवारी २०२५ ला रक्कम हातात आली आणि पेट्यांचे पैसे आल्यावर १० जूनला एकरकमी फेडायला गेले. महिना १ टक्का म्हणजे ४ हजार, पाच महिन्यांचे २०,००० असा माझा हिशेब. खातेउताऱ्यावर व्याज २०,१३३ लागलंय. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, "दिवसावर काढतो, ताई." पैसे भरून आले, पण १३३ रुपये कुठून आले ते कळेना. कुणी समजावेल का?

वाडीतला
ताई, हे ३०-३६० आहे. महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० चं धरतात, म्हणून व्याज जास्त येतं. सगळीकडे हेच चालतं.

सोनतारण
माझंही असंच झालं. सोनं गहाण ठेवून बाराव्या दिवशी सोडवलं, तरी अख्ख्या महिन्याचं व्याज घेतलं एका बँकेने. कुठे दाद मागायची?

जमाखर्च
(२६ वर्षं सहकारी बँकेत कर्जखातं सांभाळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.)

वाडीतला, ३६० चा वास तुम्हाला बरोबर आला, पण हे ३०-३६० नाही. त्या पद्धतीत १० जानेवारी ते १० जून म्हणजे पाच महिने, १५० दिवस. ताईंचं वर्षाचं व्याज ४८,०००. त्याला १५० ने गुणून ३६० ने भागलं की बरोबर २०,००० येतात. म्हणजे ताईंचा तोंडी हिशेब हाच ३०-३६० आहे.

आता प्रत्यक्ष दिवस मोजा. जानेवारीचे उरलेले २१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे १०, एकूण १५१. ३६५ ने भागलं तर १९,८५७ रुपये ५३ पैसे. घेतल्याचा आणि फेडल्याचा असे दोन्ही दिवस धरले, तरी १५२ दिवसांचे १९,९८९ होतात.

मग २०,१३३ कुठून? उलटं जाऊ. २०,१३३ ला ३६० ने गुणा आणि ४८,००० ने भागा, १५१ येतात. वर दिवस कॅलेंडरचे, खाली वर्ष मात्र ३६० चं. दोन्ही पद्धतींतला कर्जदाराला महाग पडणारा अर्धा भाग उचललाय. वर्षभर कर्ज ठेवलंत तर ३६५ दिवसांचे ४८,६६७ होतील, म्हणजे १२ चा दर १२.१७ झाला. डॉलरच्या अल्पमुदतीच्या व्यवहारांत हीच रीत आहे, पण तिथे दोन्ही बाजूंना ती आधीच ठाऊक असते.

वाडीतला
मान्य, चुकलो. पण मग ३०-३६० नेहमी महागच ना?

जमाखर्च
नाही. २८ फेब्रुवारी ते १ मार्च हा एकच दिवस, त्या पद्धतीत तो ३ दिवस मोजला जातो. म्हणून फेब्रुवारी मध्ये आला की कर्जदाराला महाग. पण १० जुलै ते १० डिसेंबर हे दिवस १५३. तिथे प्रत्यक्ष दिवसांनी २०,१२१ आणि ३०-३६० ने २०,०००च. पूर्ण वर्षाला दोन्ही सारखे. केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांना आपल्याकडे ३०-३६० आणि ट्रेझरी बिलांना ३६५ चालतं. कुठलीही पद्धत असो, ती कर्जरोख्यात लिहिलेली हवी आणि वरचा-खालचा आकडा एकाच पद्धतीतला हवा.

सोनतारण, तुमचा प्रश्न वेगळा. कर्ज जितके दिवस होतं त्याऐवजी अख्ख्या महिन्याचं व्याज घेणं गैर आहे, असं रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात लिहिलंय. त्याच आधारे बँकेला लेखी तक्रार द्या. ताईंची पतसंस्था मात्र सहकार खात्याखाली येते, तिथे तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जावं लागेल.

हापूसवाली
दादा, खूप आभार. कर्जरोखा काढून बघितला. "द.सा.द.शे. १२" एवढंच आहे, दिवसांचं काहीच नाही. मग सासूबाईंची त्याच संस्थेतली ठेव पावती काढली. १ लाख, ८ टक्के, ९१ दिवस, मिळाले १,९९५.

जमाखर्च
८,००० गुणिले ९१, भागिले ३६५, हे १,९९४ रुपये ५२ पैसे. ३६० ने २,०२२ झाले असते. ठेवीला ३६५ आणि कर्जाला ३६०. ती पावती जपून ठेवा, झेरॉक्स अर्जाला जोडा.

खाडीकाठ
१३३ रुपयांसाठी संस्थेशी वाकडं घ्यायचं का? पुढच्या हंगामाला तिथेच जायचंय ना.

हापूसवाली
म्हणूनच तक्रार न करता आधी विचारणा अर्ज दिलाय, पोच घेतली. ३६५ ने धरलं तर २७६ रुपये होतात, आणि आमच्या वाडीत त्याच संस्थेचे आणखी अकरा कर्जदार आहेत. सचिव म्हणाले, "संगणकात ते पहिल्यापासून तसंच बसवलंय, मीटिंगमध्ये ठेवतो." उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर कुणाकडे आपल्या पतसंस्थेचा कर्जरोखा असेल, तर त्यात दिवसांचं काय लिहिलंय ते सांगाल का?